फोनवरची ऑर्डर: चूक नेमकी कुठे शिरते?

सकाळी साडेनऊ ते अकरा ही घाऊक औषध विक्रेत्याकडची सर्वांत धावपळीची वेळ. सांगलीसारख्या शहरात बसलेल्या अशा विक्रेत्याला तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळ इथल्या केमिस्टांचे फोन याच वेळात येतात, कारण दुपारच्या गाडीला माल लागायचा असतो. फोन घेणारी मुलगी कानाला हेडफोन लावून बसलेली असते, समोर संगणक असतो, आणि पलीकडचा माणूस गिऱ्हाईक सांभाळत सांभाळत यादी सांगत असतो. या दोन-तीन मिनिटांत तीन कामे नीट व्हावी लागतात. फोन कुणाचा ते ओळखायचे, राहून गेलेल्या औषधाची आठवण करून द्यायची आणि घेतलेली ऑर्डर परत वाचून दाखवायची.

पार्टी ओळखणे

घंटी वाजताच फोनचा नंबर संगणकाकडे जातो आणि ग्राहकयादीत शोधला जातो. नंबर कधी +91 लावून येतो, कधी आधी 0 लागून, तर कधी नुसता. त्यामुळे मोबाइलचे शेवटचे 10 आकडेच जुळवायचे, असा नियम ठेवावा लागतो. दुसरे म्हणजे एका दुकानाला एकच नंबर, हे गृहीत धरून चालत नाही. दुकानाचा लँडलाइन, मालकाचा मोबाइल, दुपारी बसणाऱ्या मुलाचा मोबाइल, हे सगळे एकाच पार्टीच्या खात्याला जोडलेले हवेत. उलटही घडते. एकाच मालकाची दोन गावांत दोन दुकाने असतात आणि तो दोन्हीची ऑर्डर एकाच मोबाइलवरून देतो. अशा वेळी संगणकाने स्वतः निवड करू नये, दोन्ही नावे दाखवून थांबावे.

नंबर ओळखीचा नसेल तर नावाने शोधायचे. पण साई, गणेश, ओम ही नावे प्रत्येक तालुक्यात सापडतात. म्हणून नावाची पहिली तीन अक्षरे आणि गाव असे दोन्ही टाकून शोधले की यादी दोन-तीन ओळींवर येते.

पडद्यावर नाव उमटले तरी ते आपण होऊन सांगायचे नाही. ‘तासगावहून ना दादा?’ असे विचारले की घाईतला माणूस ‘हो हो’ म्हणून पुढे जातो. ‘कुठून बोलताय दादा?’ असे विचारले तर उत्तर त्याच्या तोंडून येते आणि पडद्याशी ताडून पाहता येते. खात्याची बाकी किती, गाडी कोणत्या लाईनची, एवढेच त्याच पडद्यावर दिसले तरी पुरते.

आठवण करून देणे

आता एक उदाहरण घेऊ. तासगावच्या एका दुकानाने रक्तदाबाची टेल्मिसार्टन 40 ही गोळी 5, 12, 20 आणि 27 मे, मग 17 आणि 24 जून अशी सहा वेळा मागवली. दर वेळी 10 स्ट्रिप, फक्त 27 मे रोजी 30, कारण तेव्हा कंपनीची स्कीम होती. आज 3 जुलै. ही गोळी आज सुचवावी का?

मधली अंतरे 7, 8, 7, 21 आणि 7 दिवसांची आहेत. सरासरी काढली तर 10 दिवस येते. शेवटची खरेदी होऊन 9 दिवस झालेत, म्हणजे सरासरीच्या हिशेबाने अजून वेळ झालेली नाही. पण ते 21 दिवसांचे अंतर स्कीममुळे पडले, तीन आठवड्यांचा माल एकदम घेतल्यामुळे. अंतरे चढत्या क्रमाने लावून मधले घेतले तर 7 दिवस येतात. म्हणजे दुकानदाराला दोन दिवस उशीरच झाला आहे. स्ट्रिपचेही तसेच, सरासरी 13 च्या पुढे जाते आणि मधली संख्या 10 निघते. म्हणून अशा सुचवणीला सरासरी वापरू नये, मधली किंमत वापरावी.

हिशेब बिलांवरून न करता मागणीवरून करावा, हेही तितकेच गरजेचे. आपल्याकडे माल शॉर्ट होता म्हणून बिलात ती ओळ आली नाही, तर बिल म्हणते ‘मागणी नव्हती’. त्याने मागितले होते, आपण दिले नाही, हा फरक नोंदीत टिकला पाहिजे.

सुचवण्याची वेळही ठरलेली असावी. केमिस्टाची स्वतःची यादी संपेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. संपल्यावर फार तर दोन-तीन नावे घ्यायची आणि विचारायचे, ‘टेल्मिसार्टन चाळीस आहे का दुकानात?’ संख्या आपण सांगायची नाही. ‘दहा टाकू का?’ म्हटले की समोरचा ‘टाका’ म्हणतो, आणि तो माल सहा महिन्यांनी एक्सपायरीच्या खोक्यातून परत येतो. अल्प्राझोलामसारख्या सवय लागणाऱ्या, H1 यादीतल्या औषधांची तर आठवणच करून देऊ नये. ती पार्टीने स्वतः मागितली तरच घ्यावीत.

परत वाचून दाखवणे

आता सर्वांत नाजूक काम. फोनवरच्या ऑर्डरमध्ये चूक दोन ठिकाणी शिरते, कानात आणि बोटांत. नीट ऐकूनही यादीत शेजारची ओळ निवडली जाऊ शकते. म्हणून परत वाचायचे ते पडद्यावर उमटलेले, आठवणीतले नव्हे. आठवणीतून म्हटले तर कानाची चूक सापडेल, पण बोटांची तशीच गोदामात जाईल.

नाव, ताकद, प्रकार, संख्या, एकक हा क्रम कधी मोडायचा नाही. ‘मेटफॉर्मिन, पाचशे, एसआर, दहा, स्ट्रिप.’ केमिस्ट नुसते ‘मेटफॉर्मिन दहा’ म्हणतो. त्यात पाचशे की हजार, साधी की हळूहळू विरघळणारी एसआर, आणि दहा स्ट्रिप की दहा बॉक्स, हे काहीच नसते. बॉक्सवर 10x10 छापलेले असेल तर एका बॉक्समध्ये 10 स्ट्रिप, म्हणजे 100 गोळ्या. एकक चुकले की माल एकदम दहापट होतो.

मराठी आकड्यांचाही घोळ आहे. फोनवर सतरा आणि सत्तर, सात आणि साठ सहज मिसळतात. म्हणून वाचताना आकडे सुटे करून म्हणायचे, ‘एक-सात, सतरा’.

नावांचे एक उदाहरण पाहू. क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम ही दोन वेगळी औषधे, पण खरखरीत लाइनवर दोन्ही सारखीच ऐकू येतात. दोन्ही झटक्यांसाठी दिली जातात, त्यामुळे ‘कशासाठी?’ विचारूनही उलगडा होत नाही. इथे अक्षरच सांगावे लागते, ‘क्लोबाझाम, बॉम्बेचा बी’. पडद्यावरही नावे cloBAZam आणि clonazePAM अशी लिहिली तर वेगळा भाग डोळ्यात भरतो आणि बोट चुकत नाही.

समोरून ‘हं’ आले तर ते उत्तर धरायचे नाही. ‘बरोबर आहे’ किंवा ‘नाही, ताई, वीस’ असे स्पष्ट ऐकल्यावरच पुढची ओळ घ्यायची. दहा-बारा ओळींची यादी असेल तर चार-चार ओळींनी थांबून वाचावी, कारण शेवटी एकदम वाचली की ऐकणाऱ्याचे लक्ष गिऱ्हाईकाकडे गेलेले असते.

परत वाचून सगळे पकडता येते असे नाही. केमिस्टानेच चिठ्ठी चुकीची वाचली असेल तर तो चुकीच्या नावालाही मनापासून ‘बरोबर’ म्हणेल. डेस्कवरून त्यावर उपाय नाही.

पण आपली चूक कुठली, हे परत आलेला माल सांगतो. ‘मागवला नव्हता’ म्हणून जे खोके परत येते, त्याची ओळ ऑर्डरशी ताडावी आणि रेकॉर्डिंग ऐकावे. ऑर्डरमध्ये बरोबर आणि खोक्यात चूक, तर गोदामात तपासायचे. रेकॉर्डिंगमध्ये एक आणि पडद्यावर दुसरे, तर ती ओळ परत वाचली होती का, ते त्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते.