उपाशी राहिला म्हणून डेडलॉक होत नाही

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात हमखास भेटणारा प्रश्न आहे. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसलेत, शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये एकेक असे पाचच काटे आहेत आणि जेवायला प्रत्येकाला आपल्या डाव्या-उजव्या बाजूचे दोन्ही काटे लागतात. या कोड्याचा जन्मही परीक्षेतलाच. १९६५ साली एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ते टेप ड्राइव्हसाठी झगडणाऱ्या संगणकांच्या रूपात विद्यार्थ्यांपुढे ठेवले. तत्त्वज्ञांची पंगत टोनी होअर यांनी मांडली.

प्रश्नात कधी कधी एक मेख असते: दोन्ही काटे मोकळे असतील तरच उचलायचे, नाहीतर एकालाही हात लावायचा नाही. अशा वेळी दुसरा तत्त्वज्ञ कायमचा उपाशी राहू शकेल का? बरेच विद्यार्थी लिहितात, ‘हो, म्हणून हा डेडलॉक.’ पहिला शब्द बरोबर, पुढचे सगळे चूक.

पहिला जेवतोय. तो काटे खाली ठेवण्याआधीच तिसरा जेवू लागतो. तिसरा आटोपण्याआधी पहिला पुन्हा काटे उचलतो. हे असेच चालू राहिले, तर दुसऱ्याला दोन्ही काटे एकाच वेळी मोकळे कधीच दिसणार नाहीत. हे स्टार्व्हेशन. पण टेबलावरचे काम चालूच आहे! पहिल्याने एकदा जरा उशीर केला, की दुसऱ्याच्या तोंडी घास पडतो. डेडलॉकमध्ये अशी आशाच नसते: अडकलेला प्रत्येक जण दुसऱ्या अडकलेल्याचीच वाट पाहत असतो. म्हणून उपायही वेगळे. वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम हळूहळू वाढवत नेला, तर उपासमार टळते; डेडलॉकवर तो उपाय लागू पडत नाही, कारण हवा असलेला काटा अडकलेल्याच कुणाच्या तरी हातात असतो.

गुण जाण्याची दुसरी जागा म्हणजे अटी. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ मध्ये डेडलॉकच्या चार अटी मांडल्या. काटा एका वेळी एकाच्याच हाती असणे, हातातला न सोडता दुसऱ्याची वाट पाहणे, हातातला काटा कुणाला हिसकावता न येणे आणि वाट पाहणाऱ्यांची साखळी वर्तुळात मिटणे. चारही एकदम हव्यात. वरच्या मेखेने दुसरी अट मोडते, तेव्हा तिथे डेडलॉक शक्यच नाही.

विसरली जाते ती बहुधा तिसरी अट, कारण ती गृहीतच धरली जाते. परीक्षक तिच्यासाठी उगीच अडून बसत नाही. मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन डेडलॉक सोडवते ते नेमके इथेच घाव घालून: व्यवहारांचे वर्तुळ सापडले की त्यातला एक व्यवहार रद्द करून त्याची कुलुपे काढून घेते, आणि पडद्यावर `1213` ही चूक उमटते. एखादा व्यवहार दुसऱ्याच्या कुलुपासाठी नुसताच ताटकळला, तर एरवी पन्नास सेकंदांनी `1205` येते. तिथे वर्तुळ नसते. कुलूप धरणारा आपले काम करत असतो, फक्त संथपणे.