गुंतवणूकदाराला पहिला मेल

2008 च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन तरुणांची त्यांच्या एका मित्राने सात गुंतवणूकदारांशी मेलवरून ओळख करून दिली. कंपनीचं मूल्य 15 लाख डॉलर धरून त्यांना दीड लाख डॉलर उभे करायचे होते. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. ही कंपनी म्हणजे आजची एअरबीएनबी. ब्रायन चेस्की यांनी 2015 मध्ये ते नकार प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकाचं म्हणणं होतं की बाजारपेठ आमच्या हिशेबाला पुरेल एवढी मोठी दिसत नाही.

हा हिशेब काय असतो, ते मेल लिहिणाऱ्याला ठाऊक हवं. समजा, एखाद्या फंडाकडे 500 कोटी आहेत. त्याने पैसे घातलेल्या बऱ्याच कंपन्या बुडणार, हे त्याने धरलेलंच असतं. म्हणून एखाद्याच कंपनीने अख्ख्या फंडाचे पैसे परत मिळवून द्यावेत, अशी त्याची अपेक्षा असते. शेवटी हातात 15 टक्के हिस्सा उरणार असेल, तर ती कंपनी 3,300 कोटींच्या पुढे जायला हवी. तुमचा मेल वाचताना त्याच्या डोक्यात हाच आकडा घोळत असतो.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगलीकडच्या दोघी मैत्रिणींनी दूध संकलन केंद्रांसाठी अ‍ॅप केलं आहे. फॅट आणि एसएनएफची नोंद झाली की शेतकऱ्याचं दहा दिवसांचं बिल आपोआप तयार होतं. केंद्र महिन्याला 800 रुपये भरतं. त्यांचा मेल असा असावा (प्रत्यक्षात तो बहुधा इंग्रजीत जाईल):

विषय: दूध केंद्रांचं बिलिंग, 140 केंद्रं पैसे भरतात

“नमस्कार. आम्ही दूध संकलन केंद्रांचं बिलिंग मोबाइलवर आणलं आहे. 140 केंद्रं दरमहा 800 रुपये भरतात. सहा महिन्यांपूर्वी 35 होती. या काळात 9 केंद्रांनी अ‍ॅप सोडलं. आमच्या पाच जिल्ह्यांत आम्ही मोजलेली केंद्रं 9,000, म्हणजे वर्षाला 8.64 कोटींची बाजारपेठ. आम्ही दीड कोटी उभे करतोय, त्यातले 40 लाख ठरले आहेत. येत्या मंगळवारी किंवा गुरुवारी फोनवर 20 मिनिटं द्याल का?”

बस, एवढंच. मोबाइलच्या पडद्यावर जवळजवळ न सरकवता वाचून होतं.

यात मोह होण्याची पहिली जागा धंद्याच्या प्रगतीची. एका केंद्रावर दिवसाला 400 लिटर दूध आणि लिटरला 35 रुपये धरले, तर 140 केंद्रांची महिन्याची बिलं 6 कोटींच्या आसपास जातात. “आमच्या अ‍ॅपवरून दरमहा 6 कोटींचा व्यवहार” असं लिहायला हात शिवशिवतो. पण तो पैसा शेतकऱ्याचा आहे. मैत्रिणींच्या खात्यात येतात ते 1 लाख 12 हजार. हे पहिल्याच फोनवर उघडं पडतं आणि मग बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. अ‍ॅप नुसतं डाउनलोड केलेल्यांची संख्या सांगणं त्याच जातीचं. उलट सोडून गेलेली 9 केंद्रं आपणहून सांगितली, तर 140 हा आकडा खरा वाटतो.

बाजारपेठेचं मात्र सगळ्यात अवघड. “भारतातला दुग्धव्यवसाय लाखो कोटींचा, त्यातला फक्त एक टक्का मिळाला तरी…” हे वाक्य गुंतवणूकदारांनी इतक्यांदा वाचलेलं असतं की तिथेच मेल मिटतो. ग्राहक किती आणि एक ग्राहक वर्षाला किती देतो, यांचा गुणाकार करावा: 9,000 गुणिले 9,600. उत्तर 8.64 कोटी, आणि ते 500 कोटींच्या फंडासाठी फारच लहान आहे. पाचही जिल्हे काबीज केले तरी 3,300 कोटींची कंपनी होत नाही. मग दोनच रस्ते उरतात. एक, याच केंद्रांमार्फत पशुखाद्य किंवा कर्ज देण्याची सोय सुरू करून त्याचे थोडे का होईना खरे आकडे दाखवायचे. दुसरा, हा मेल फंडाला न पाठवता स्वतःच्या खिशातून पाच-दहा लाख घालणाऱ्या एंजल गुंतवणूकदाराला पाठवायचा. माझ्या मते या दोघींसाठी आज दुसराच बरा. फुगवलेल्या आकड्याने फंड भेटेलही, पण पैसे देणार नाही.

मागणी एकच हवी. पैसे, सल्ला, ओळख आणि भेट असं सगळं एका मेलमध्ये मागितलं की वाचणारा “नंतर बघू” म्हणतो. वीस मिनिटांच्या फोनला हो किंवा नाही एवढंच कळवायचं असतं. गोपनीयतेच्या करारावर सही मात्र मागू नका; या टप्प्यावर गुंतवणूकदार सहसा ती करत नाहीत.

आठवड्याभरात उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली दोन ओळी लिहा आणि त्यात नवा आकडा असू द्या: “आता 152 केंद्रं.” त्यानंतरही शांतता असेल तर तो नकार समजा आणि यादीतल्या पुढच्या नावाला लिहा.