फोटो कोणाला विचारायचा?

कोकणकड्याच्या काठापासून थोडी मागे एक मुलगी उभी आहे. पाठीवर ५० लिटरची सॅक, समोर ढगांनी भरलेली दरी. ती हा फोटो इन्स्टाग्रामवर टाकते आणि सॅक जिथून घेतली त्या पुण्यातल्या ट्रेकिंग साहित्याच्या दुकानाला टॅग करते. दुकानदार खूश होतो, स्क्रीनशॉट काढतो आणि दुकानाच्या पानावर लावतो. माझ्या मित्राच्या दुकानात अगदी असंच झालं. दोनच दिवसांत एका मुलाचा मेसेज आला, ‘दादा, हा फोटो मी काढलाय.’

मित्र गोंधळला, कारण तोवर त्याने त्या मुलीला विचारलं होतं आणि ती ‘हो’ म्हणाली होती. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, त्यात दिसणारा नव्हे. आपला स्वतःचा फोटो ट्रेकमध्ये बहुधा सोबतीच काढतो. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या होकाराने अर्धंच काम होतं. चेहरा तिचा आहे, म्हणून तिला विचारायचंच. पण टिपणारा कोण, हा प्रश्न त्याआधी यायला हवा.

टॅग केलं म्हणजे परवानगी दिली, असाही समज दिसतो. टॅगमागे कौतुक असतं, पण वापराचा होकार नसतो. बदामाची इमोजी आली तरी तेच. मित्र आता असा मेसेज धाडतो: ‘नमस्कार, तुमचा कोकणकड्यावरचा फोटो खूप आवडला. तो कोणी काढलाय? आमच्या इन्स्टाग्राम पानावर तुम्हा दोघांच्या नावाने लावला तर चालेल का? जाहिरातीत किंवा फ्लेक्सवर वापरणार नाही. तसं वाटलं तर पुन्हा विचारू.’ कुठे लावणार हे नेमकं सांगितलेलं असल्यामुळे होकार कशासाठी आहे, यावरून पुढे वाद उरत नाही. कायद्यालाही वापराचा परवाना लेखी लागतो, म्हणून दुकानात तोंडी बोलणं झालं तरी तो नंतर मेसेजवर उत्तर मागतो आणि ते जपून ठेवतो.

नाव कुठे द्यायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. लांबलचक मजकुराच्या शेवटी, हॅशटॅगांच्या गर्दीत टाकलेलं नाव कोणी वाचत नाही, कारण फीडमध्ये सुरुवातीच्या ओळींनंतरचा मजकूर दुमडलेला असतो. म्हणून पहिल्याच ओळीत ‘फोटो’ असं लिहून काढणाऱ्याचं खातं द्यावं, फोटोवरही त्याला टॅग करावं. कोपऱ्यातलं त्याचं नाव कापलं जाईल अशी काटछाट करू नये. नाव दिलं म्हणून न विचारण्याची मुभा मात्र मिळत नाही.

त्या मुलाला मित्राने माफी मागितली, पोस्ट त्याच संध्याकाळी काढली आणि मग रीतसर विचारलं. मुलगा म्हणाला, ‘लावा की, पण मूळ फाइल पाठवतो, स्क्रीनशॉट फार फाटलाय.’