‘ण’ म्हणताना जीभ कुठे असते?

मंडळी, पहिलीच्या मुलांसाठी दोन वर्ग शेजारी ठेवून आपण असं बडबडगीत करू:

ट ठ ड ढ ण म्हणताना
जीभ वळते टाळूला,
त थ द ध न म्हणताना
जीभ टेकते दाताला.

आता अडचण बघा. शेलूबाजारकडच्या वऱ्हाडी बोलीत पाण्याला ‘पानी’ म्हणतात. त्यामुळे मूल ‘ढ’पर्यंत बरोबर जातं, पुढे जीभ दाताकडे उतरते आणि ‘न’ येतो. गाणं पाठ होतं, पण लिहिताना ‘बाण’चा ‘बान’ होतो.

अशा वेळी नुसता ‘ण’ घोकून उपयोग नाही. आपण मुलाला ‘अड्डा’ म्हणायला सांगू. ‘ड्ड’ला जीभ जिथे टेकते, तिथेच ठेवून आवाज नाकातून सोडला की ‘अण्णा’ होतं. मग ‘बाण’ म्हणून शेवटचा ‘ण्‌’ लांबवायचा.

जमलं का, हे कसं ओळखायचं? मुलाला पाठमोरं उभं करून ‘मन’ किंवा ‘मण’ म्हणायला लावू. कोणता शब्द म्हटला, हे वर्गाला नुसतं ऐकून सांगता आलं पाहिजे.

आणि घरचं ‘पानी’ चूक ठरवायचं नाही. ती बोली आहे. इथे आपण फक्त जिभेला दुसरी जागा दाखवतोय.