रिकाम्या बाटल्यांचा हिशेब

शनिवारी रात्री गच्चीवर चार मित्र जमतात. ७५० मिलीची व्हिस्कीची एक बाटली, कोलाची दोन लिटरची एक बाटली, शेंगदाणे, चकली आणि नंतर चिकन-भाकरीचं जेवण. जेवायला बसल्यावर त्यातला एक जण ताटावर हात आडवा धरून म्हणतो, ‘वहिनी, भात नको. वजन कमी करतोय.’ तो खोटं बोलत नसतो. आठवडाभर त्याने खरोखरच भात टाळलेला असतो. वाटीभर भाताच्या दीडशे-दोनशे कॅलरी त्याला पाठ आहेत. जेवणाआधी ग्लासातून किती गेल्या, हे मात्र त्याच्या हिशेबातच नसतं.

हा हिशेब अवघड नाही. दारूच्या बाटलीवर कॅलरी सहसा छापलेल्या नसतात, पण अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की, रम, व्होडकावर ते ४२.८ टक्के असतं. म्हणजे १०० मिली व्हिस्कीत ४२.८ मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने एक मिलीचं वजन सुमारे ०.८ ग्रॅम भरतं, आणि प्रत्येक ग्रॅममागे ७ कॅलरी मिळतात. साखरेच्या एका ग्रॅमला ४ आणि तेल-तुपाच्या एका ग्रॅमला ९. अल्कोहोल या दोघांच्या मध्ये, तेही तेलाच्या बाजूला झुकलेलं. ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये त्यामुळे सुमारे १४५ कॅलरी होतात.

पेग मोजून हिशेब करायला गेलं की मात्र तो चुकतो. बारमध्ये मापाने ओततात, घरी अंदाजाने. रुंद ग्लासात ‘दोन बोटं’ ओतलेली व्हिस्की सहज ८०-९० मिली भरते. शिवाय अर्धा ग्लास शिल्लक असताना कुणीतरी वरून ‘थोडीशी’ घालतो, तो पेग कुणाच्याच खात्यात जमा होत नाही. म्हणूनच घरी आल्यावर ‘दोनच झाले गं’ हे वाक्य ऐकू येतं आणि बोलणाऱ्याला ते खरंही वाटत असतं. सकाळी गच्चीवर पडलेल्या रिकाम्या बाटल्या जास्त प्रामाणिक असतात. हिशेब तिथून उलटा करावा.

७५० मिलीच्या बाटलीत ३२१ मिली अल्कोहोल, म्हणजे सुमारे २५७ ग्रॅम. त्याच्या कॅलरी १८००. चौघांत वाटल्या तर प्रत्येकी ४५०. ‘दोन’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला प्रत्यक्षात तीन लार्ज पेगांहून थोडी जास्तच आली. आता कोला. अशा गोड पेयात १०० मिलीमागे साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. दोन लिटरमध्ये २१० ग्रॅम, कॅलरी ८४०. प्रत्येकी २१०. चहात साखर न घालणाऱ्या माणसाने एका बैठकीत दहा-अकरा चमचे साखर प्यायली. दोन्ही मिळून ६६० कॅलरी झाल्या. एका चपातीच्या शंभरेक धरल्या, तर जेवणाआधी साडेसहा चपात्या झाल्या, आणि पोट मात्र भरलेलं नाही. चकली-शेंगदाण्यांचा आकडा अजून यात धरलेलाच नाही. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, शेंगदाण्यांच्याच पावणेतीनशेच्या पुढे जातात.

कोलाऐवजी साधा सोडा किंवा पाणी घेतलं तर २१० कॅलरी थेट वजा होतात. मात्र टॉनिक वॉटर म्हणजे सोडा नव्हे. ते चवीला कडू लागतं म्हणून अनेकांना बिनसाखरेचं वाटतं, पण नेहमीच्या टॉनिकमध्ये साखर भरपूर असते. डब्यातला संत्र्याचा रस कोलाच्या जवळपासच येतो. दारू न पिणाऱ्यांच्या हातातल्या रंगीत मॉकटेललाही हेच लागू आहे. त्यातला सरबताचा अर्क साखरेचाच असतो. आणि ‘हलकी’ म्हणून घेतलेली बिअर? ६५० मिलीच्या ५ टक्केवाल्या बाटलीत अल्कोहोल आणि धान्यातून आलेली कर्बोदकं मिळून अडीचशेहून अधिक कॅलरी असतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये साडेतीनशेच्या पुढे.

कॅलरी टाळण्यासाठी डाएट कोला घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. साखर असलेलं पेय पोटात थोडं रेंगाळतं. बिनसाखरेचं लवकर पुढे आतड्यात सरकतं आणि तिथे अल्कोहोल वेगाने रक्तात जातं. कॅलरी खरोखर कमी होतात, पण तितक्याच दारूची नशा अधिक चढते.

या कॅलरींचं शरीर करतं काय? अल्कोहोल साठवण्याची सोय शरीरात नाही. ते विषासारखं असल्याने यकृत आधी तेच जाळायला घेतं आणि चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. चिकनच्या तर्रीतलं तेल आणि कोल्यातली साखर त्या वेळी साठ्याकडे वळते. त्यात दारूने भूक चाळवते आणि हात आखडता राहत नाही. दर शनिवारी हे झालं तर पोटाचा घेर का हलत नाही, याचं कोडं उरत नाही. मग सोमवार ते शुक्रवार भात सोडल्याचा बराचसा फायदा धुऊन जातो.

हिशेब कळल्यावर अनेक जण एक धोकादायक तोडगा काढतात. प्यायलो ना सहाशे कॅलरी, मग जेवणच नको. रिकाम्या पोटी दारू वेगाने चढते, हा त्यातला लहान धोका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यासाठी तो फार मोठा होतो. न जेवलेल्या माणसाच्या रक्तातली साखर रात्रभर यकृत टिकवून धरतं. नवी साखर तयार करून ते ती रक्तात सोडत राहतं. पण यकृत अल्कोहोल निपटण्यात गुंतलं की हे काम मंदावतं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं. वरच्या हिशेबातल्या ६४ ग्रॅमला त्यामुळे सहा ते नऊ तास लागतात. गोळीचा किंवा इन्सुलिनचा परिणाम मात्र चालूच असतो.

कोल्यामुळे झोपताना ग्लुकोमीटर २०० दाखवतो, माणूस निर्धास्त होतो, काही जण तर एक गोळी जास्त घेतात. पहाटे तीन-चारला साखर ७० च्या खाली घसरते. घाम, थरथर, छातीत धडधड, असंबद्ध बोलणं, हाक मारल्यावर धड उत्तर नाही. घरचे म्हणतात, ‘जास्त झालीय, झोपू द्या.’ लक्षणं नशेसारखीच दिसतात, म्हणून फसगत होते. नुसतं पाहून फरक कळत नाही. बोट टोचून साखर तपासली की कळतो. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, आणि साखर वर आल्यावर पोळी किंवा भात खायला द्यावा. अल्कोहोलचा परिणाम टिकून असतो म्हणून ती पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, माणसाला कुशीवर वळवून लगेच रुग्णालयात न्यावं. ग्लुकोमीटर घरी नसेल तर ‘झोपेल आणि उतरेल’ असं समजून वाट पाहू नये.

असे रुग्ण दारू पिणारच असतील, तर जेवणाची वेळ दारूच्या आधी किंवा सोबत असावी, ताटात भाकरी किंवा भात असावा आणि औषधाचा डोस त्या रात्रीसाठी आपल्या मनाने वाढवू नये. कॅलरी कमी करायच्या असतील तर त्या ग्लासातून कराव्यात. कोला काढला की २१० गेल्या, आणि बाटली चौघांऐवजी आठ जणांत संपली की आणखी सव्वादोनशे. वहिनींनी वाढलेला वाटीभर भात त्या माणसाने खरं तर खाल्ला असता तर बरं झालं असतं.