नकारही काही सांगून जातो

गृहकर्जासाठी अर्ज केला, की अनेकदा बँक किंवा तिने नेमलेली पडताळणी संस्था अर्जदाराच्या कंपनीतल्या एचआरला ईमेल पाठवते. समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीकडे असा ईमेल आला आहे. त्यात सहा प्रश्न आहेत: या बाई तुमच्याकडे नोकरीला आहेत का, पद कोणतं, रुजू कधी झाल्या, पगार किती, राजीनामा दिलाय का, वर्तन कसं आहे?

आधी ईमेल खरा आहे का ते बघायचं. त्यात दिलेल्या नंबरवर फोन न करता बँकेच्या संकेतस्थळावरून शाखेचा नंबर घ्यायचा. मग बाईंना विचारायचं, की अर्ज तुम्हीच केलाय ना, आणि त्यांची लेखी संमती घ्यायची. नोकरी, पद आणि रुजू तारीख एवढं बहुतेक कंपन्या सांगतात.

पगाराच्या प्रश्नाचं मला फार नवल वाटतं. सॅलरी स्लिप आणि खात्याचा उतारा बँकेकडे आधीच असतो. तिला आकडा नको असतो, कागद खरा आहे का एवढंच हवं असतं. म्हणून संमती असेल तर ‘सोबतची मार्चची स्लिप आमच्या नोंदींशी जुळते’ एवढं वाक्य पुरतं. कंपनीने एकही आकडा उच्चारला नाही, तरी शंका फिटली! फोनवर मात्र हेही करू नये. ‘पंच्याऐंशी हजार ना? मग नव्वद?’ असं विचारत गेलं, तर नुसत्या हो-नाहीतून अनोळखी माणूस पगारापर्यंत पोहोचतो.

खरी गंमत राजीनाम्याच्या प्रश्नात आहे. बाई सध्या नोटीस पिरियडवर आहेत असं धरा. ‘नाही’ लिहिणं खोटं, ‘हो’ लिहिणं धोरणाबाहेर. मग ‘सांगता येत नाही’ लिहावं? पण हीच एचआर कालपर्यंत इतरांबद्दल सरळ ‘राजीनामा दिलेला नाही’ लिहीत असेल, तर आजच्या मौनाचा अर्थ बँक लगेच ओळखेल. नकार गुपित राखतो तो सगळ्यांना सारखाच दिला तर. राजीनामा दिलेला असो वा नसो, प्रत्येकासाठी अक्षरशः तेच वाक्य जायला हवं:

‘आजच्या तारखेला त्या आमच्या पटावर आहेत. राजीनामा, वर्तन किंवा पुढील नोकरीबाबत कंपनी कोणत्याही कर्मचाऱ्याविषयी माहिती देत नाही.’

यातलं ‘आजच्या तारखेला’ फार मोलाचं आहे. वाक्य खरं आहे आणि उद्याची हमी देत नाही. बँकेला अधिक हवं असेल, तर तिने ते अर्जदाराला विचारावं. तिथे खरं सांगण्याची जबाबदारी अर्जदाराची.

भाड्याच्या घरासाठी घरमालकाने अशीच चौकशी केली, तर ते त्याहून सोपं. त्याला थेट उत्तर द्यायचंच नाही. नाव, पद आणि रुजू तारीख लिहिलेलं पत्र कर्मचाऱ्याच्या हाती द्यायचं. ते कुणाला दाखवायचं, हे कर्मचारीच ठरवेल.