मनी वसे ते स्वप्नी दिसे?

चाकणच्या एमआयडीसीत तिसरी पाळी संपवून खोलीवर परतलेला एखादा पोरगा डोळ्यांपुढे आणा. मेस बंद, म्हणून चहा-बिस्किटावरच सकाळी साडेआठला झोपला. स्वप्नात आई भाकरी थापतेय, ताट वाढलंय, पण पहिल्या घासाआधीच जाग आली. पोटातली भूकच स्वप्नात उतरली, असं आपण लगेच म्हणतो.

पण शरीराची गरज स्वप्नात इतकी सरळ उतरत नाही. विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोलपर्ट यांनी १९५८ साली तिघांना दिवसभर पाण्याविना ठेवून झोपवलं आणि १५ स्वप्नं नोंदवली. पाण्याचा किंवा पिण्याचा धागा निघाला तो ५ स्वप्नांत, आणि एकातही माणूस स्वतः तहानेला नव्हता की पाणी पीत नव्हता! प्रयोग छोटा, तोही तहानेचा. तरी म्हणीला जरा वेसण घालतो.

मग भाकरीचं काय? ठळक स्वप्नांची ‘रेम’ झोप शरीराच्या घड्याळानुसार पहाटे-सकाळी जास्त येते. नेमका तेव्हाच हा पोरगा झोपतो. दुपारी भूक, ऊन, शेजारचा कुकर झोप मोडतात, आणि रेममधून जाग आली की स्वप्न आठवतं. म्हणजे भूक स्वप्न रचत असेल-नसेल, ते आठवणीत मात्र ठेवते. आणि भाकरीसोबत आई का? स्वप्नं बहुधा जागेपणीच्या काळज्यांतून माणसं उचलतात. घराची ओढ ही पोटाची भूक नव्हे.

तिसऱ्या पाळीवाल्यांनो, झोपण्याआधी हलकं काही खाऊन पाहा. निदान झोप तरी भुकेनं मोडणार नाही.